संगीताच्या सरांना चिठ्ठी

मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, “पोरगी शाळेतून आल्यापासून एकच चाल गुणगुणते. दप्तर ठेवताना, भांडी घासताना, अंथरुणावर पडल्यावरसुद्धा. आणि सर म्हणतात, वर्गात तिचा आवाज लागत नाही, २६ जानेवारीच्या समूहगानात घेता येणार नाही. आता सरांना काय सांगू? मला तर सा-रे-ग-म येत नाही.”

सूर ओळखता आले नाहीत तरी आईला ऐकू येतं. जे ऐकू आलं तेच लिहायचं, असं आम्ही ठरवलं. चिठ्ठी अशी झाली:

“आदरणीय सर, सप्रेम नमस्कार. माझी मुलगी तिसरीत आहे. तुम्ही शिकवलेली एक चाल ती रोज घरी गुणगुणते. शब्द नाहीत, नुसतं ‘आ आ’ करते. घरात तिची आजी ओव्या म्हणते, पण ही चाल त्यातली नाही. हळू गुणगुणताना ती सगळी चाल पुरी करते. मोठ्याने म्हण म्हटलं की दुसऱ्या ओळीत, जिथे आवाज सगळ्यात वर जातो, तिथे तिचा आवाज फुटतो आणि ती गप्प होते. चार दिवस ऐकलं, रोज त्याच जागी होतं. घसा दुखत नाही, सर्दीही नाही. दोन्ही तऱ्हेचं म्हणणं फोनवर घेतलं आहे. कृपया ऐकावं.”

बघा, ‘माझी मुलगी छान गाते, तिला घ्या’ असं यात कुठे नाही. तसं लिहिलं असतं तर सरांना नवीन काहीच कळलं नसतं. ‘रोज त्याच जागी’ हे मात्र कामाचं आहे. आवाज दरवेळी वेगळ्या जागी फुटला, तर घसा दमला असेल किंवा सर्दी असेल. एकाच जागी फुटला, तर गाण्याच्या त्या जागेतच काहीतरी अवघड आहे.

फोनवर घेतानाही एक काळजी घेतली. आधी आईने चाल म्हणून दाखवली नाही. आपण म्हटलं की मूल आपल्या आवाजाची उंची धरतं, आणि त्याची स्वतःची उंची कळत नाही. टीव्ही बंद केला, फोन हातभर लांब ठेवला. अर्धा मिनिट पुरे झालं.

सरांनी ते ऐकताना पेटी जवळ घेतली. चाल भूप रागातली होती. या रागात सा, रे, ग, प, ध एवढे पाचच सूर असतात. म आणि नी नसतात. मुलीने ते पाचही नीट घेतले होते. फरक होता पट्टीचा. पट्टी म्हणजे पेटीवरच्या कोणत्या सुराला ‘सा’ मानायचं ते. सर पुरुष, त्यांचा सा काळी एकला. त्याच पट्टीत मुली त्यांच्यापेक्षा एक सप्तक वर गातात. चाल वरच्या सा च्याही पुढे, वरच्या ग पर्यंत गेली की लहान गळा ताणतो. घरी हळू गुणगुणताना मात्र मुलीने आपला सा काळी चारला धरला होता, म्हणजे पेटीवर पाच सूर खाली. तिथे वरचा ग तिला सहज मिळत होता. मोठ्याने म्हणताना ती वर्गातली उंच पट्टी धरायची आणि अडायची.

मग सगळ्या वर्गाला काळी चार देऊन टाकायची का? सरांनी करून बघितलं. काही मुलांचे खालचे सूर ऐकूच येईनात. शेवटी काळी पाच ठरली, पहिल्यापेक्षा तीन सूर खाली. त्यात वरची जागाही मिळाली आणि खालचीही राहिली. मुलगी समूहगानात उभी राहिली.

आता घरी काय करायचं? ‘गप बस’ म्हणू नका आणि ‘मोठ्याने म्हण’ असा आग्रहही नको. ताणून म्हणायची सवय लागली की मोडायला वेळ लागतो. हळू, तिच्या पट्टीत गुणगुणू द्या. चिठ्ठीने सगळंच सुटतं असंही नाही. बोलतानाही आवाज घोगरा येत असेल आणि दोन-तीन आठवड्यांत सुटला नाही, तर सरांकडे नव्हे, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायचं.

तुमच्या घरी कोणी अशी चाल धरून बसलं असेल, तर चार दिवस नुसतं ऐका: केव्हा म्हणतं, कसं म्हणतं, कुठे अडतं. तेवढं लिहून सरांना किंवा बाईंना द्या. पुढचं पेटीवर त्यांना कळेल.