खरवसाआधी वासरू



गाय व्याली की शेजारच्या घरी खरवस पोहोचता करायचा, ही आमच्या राहुरी भागातली जुनी रीत. लहानपणी अम्मी गूळ-वेलदोडा घालून खरवस वाफवायची आणि मी वाट्या घेऊन गल्लीभर फिरायचो. त्या वाटीत वासराचा जीव असतो, हे कळायला मला एक कालवड गमवावी लागली.

पंधरा-सोळा वर्षं झाली. आमची संकरित गाय रात्री दहाच्या सुमारास व्याली. कालवड चांगली पंचवीस किलोची, धडपडत तासाभरात उभी राहिली. कासेकडे तोंड नेऊ लागली, तर चुलते म्हणाले, "थांब रे, अजून वार पडली नाही. वार पडायच्या आत पाजू नये." वार पडली पहाटेच्या बांगेला. मग धार काढली, मोठं पातेलं खरवसाला ठेवलं आणि उरलेला अर्धा-पाऊण लिटर चीक कालवडीला मिळाला. चौथ्या दिवशी तिला पिवळी पातळ हगवण लागली. डोळे खोल गेले, कान गार पडले, चोखायला दिलेलं बोट ती ओढेना. सहाव्या दिवशी ती गेली.

डॉक्टरांनी मला एकच विचारलं, "पहिला चीक किती वाजता पाजला?" मी म्हणालो, "पहाटे." ते म्हणाले, "मग औषधाला उशीर झाला नाही, चिकाला झाला."

त्यांनी समजावलं ते असं. माणसाच्या बाळाला आईच्या पोटात असतानाच, वारेतून, रोगाशी लढणारी प्रतिद्रव्यं मिळतात. गाईच्या वारेची बांधणी निराळी. तिच्यातून ती पलीकडे जात नाहीत. म्हणून वासरू जवळजवळ निःशस्त्र जन्मतं. गाय ही शिदोरी चिकात साठवते. जन्मल्यानंतर काही तास वासराच्या आतड्याची दारं उघडी असतात आणि ही प्रतिद्रव्यं न पचता सरळ रक्तात उतरतात. पण ही दारं तासागणिक मिटत जातात. बारा तासांत बरीचशी मिटतात, चोवीस तासांत बंद होतात. त्यानंतर पाजलेला चीक अन्न म्हणून पोटात जातो, संरक्षण म्हणून रक्तात पोचत नाही. शिवाय उशीर केला तर गोठ्यातले जंतू चिकाच्या आधी आतड्यात शिरतात.

आणि वारेचं काय? वासरू कास चोखतं किंवा आपण धार काढतो, तेव्हा गाय पान्हा सोडते. पान्हा ज्या संप्रेरकामुळे सुटतो, त्यानेच गर्भाशयही आकुंचन पावतं. म्हणजे पाजल्याने वार पडायला मदतच होते. वार बारा तासांत पडली नाही तर डॉक्टरांना बोलवावं, हाताने ओढू नये. वासराला मात्र तोवर ताटकळत ठेवू नये.

पुढच्या वेताला मी घड्याळ घेऊन बसलो. सड कोमट पाण्याने धुऊन पुसले, पहिल्या दोन-चार धारा टाकून दिल्या. हिशेब सोपा आहे. वासराच्या वजनाच्या दहावा हिस्सा चीक, म्हणजे पंचवीस किलोला अडीच लिटर. यातला निम्मा पहिल्या तासा-दोन तासांत, उरलेला सहा तासांच्या आत, आणि बारा तासांच्या आत पुन्हा लिटर-दीड लिटर. वासरू नुसतं कासेला सोडलं तर ते किती प्यालं हे कळत नाही, म्हणून मोजून बाटलीने पाजलं. मान फार वर उचलायची नाही आणि घशात जबरदस्तीने ओतायचं नाही, नाहीतर चीक फुप्फुसात जातो. नाळेला टिंक्चर आयोडीन लावलं. ती कालवड पुढे आमच्याच गोठ्यात व्याली.

पहिल्या धारेचा चीक सर्वांत कसदार असतो. दुसऱ्या धारेपासून त्यातली प्रतिद्रव्यं झपाट्याने उतरतात. म्हणून पहिली धार वासराची. संकरित गाय बहुधा त्याच्या गरजेपेक्षा जास्त चीक देते. उरलेला स्वच्छ बाटलीत भरून फ्रीजरमध्ये गोठवून ठेवावा. एखादी गाय मेली किंवा आटली तर दुसऱ्या वासराला कामी येतो. तो वितळवताना हाताला सोसेल इतक्याच कोमट पाण्यात बाटली ठेवावी. चुलीवर ठेवू नये. चीक तापला की घट्ट बसतो, म्हणून तर खरवस होतो. त्या आचेत हीच प्रतिद्रव्यं निकामी होतात.

चीक पाजला म्हणजे सगळे रोग टळले असं नाही. गोठा ओला, घाण असेल तर चांगलं पाजलेलं वासरूही हगवणीने आजारी पडतं, आणि आईकडून आलेलं हे संरक्षण काही आठवड्यांनी ओसरत जातं. पण निभावून जाण्याची ताकद त्याला पहिल्या रात्रीच मिळालेली असते.

आमच्या घरी खरवस आजही होतो, गल्लीत वाट्याही जातात. फक्त तो आता तिसऱ्या-चौथ्या धारेचा असतो. थोडा सैल बसतो. शेजारी विचारतात तेव्हा मी सांगतो, घट्ट होता तो वासराने खाल्ला.