कार्ड बदललं, हप्ता राहिला

म्हसळ्यातल्या एका फोटोग्राफर ताईची ही गोष्ट. उद्या लग्नाचे फोटो द्यायचे, आणि रात्री नेटवर भाड्याने घेतलेल्या जागेत नवा फोटो चढेना. बँकेने एटीएम कार्ड बदललं होतं. जुन्या कार्डावरून महिन्याचा हप्ता कटलाच नव्हता.

"सगळं गेलं गं!" ताई रडकुंडीला आली.

मी म्हटलं, "आधी जुना एक फोटो उघड."

उघडला. डाउनलोडही झाला. म्हणजे कुलूप फक्त नवं ठेवायला होतं.

मग हळदीचे फोटो तिथून पेनड्राइव्हवर उतरवले, लग्नाचे कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डातून घेतले. नशीब, ते तिने अजून पुसलं नव्हतं! सकाळी पेनड्राइव्ह नवरीच्या आईकडे पोचला. हप्ता दुपारी भरला.