शेवटच्या डीपीवरचं व्होल्टेज

कालव्याच्या टेलला ज्याचं शेत आहे, त्याचं दुखणं तुम्हाला सांगायला नको. विजेच्या तारेलाही असाच टेल असतो. सबस्टेशनमधून 11 केव्हीची लाइन निघते, वाटेत गावं, वस्त्या, विहिरी घेत जाते आणि कुठेतरी शेवटच्या डीपीवर संपते. दुसऱ्या बाजूने तिला वीज मिळत नाही. अशा एकतोंडी लाइनला आम्ही रेडियल फीडर म्हणतो. ती लांब असली, की शेवटच्या डीपीवरची मोटर गुरगुरते, तापते आणि एखाद्या दिवशी जळते. मग गावातून मागणी येते, "साहेब, डीपी मोठी करून द्या." माझ्या नोकरीच्या काळात असे कितीतरी अर्ज मी वाचले. पुष्कळदा डीपी मोठी झाली, तरी मोटरी जळतच राहिल्या. असं का होतं, ते आज आकड्यांनिशी पाहू.

उदाहरणाला एक फीडर घ्या. लांबी 16 किलोमीटर. तार वीझल, म्हणजे पातळ, एका किलोमीटरला साधारण 0.9 ओहम रोध असलेली. बहुतेक पंप 5 एचपीचे, शेवटपर्यंत सारखे विखुरलेले. सगळे चालू असताना लाइनवर 1500 किलोवॅट भार. पॉवर फॅक्टर 0.75, कारण मोटरींना कपॅसिटर नाहीत. म्हणजे कामाच्या विजेबरोबर 1320 केव्हीएआर बिनकामाचा प्रवाहही तारेतून ये-जा करतो. मोटरीतलं चुंबकत्व उभं करायला तो लागतो, पण पाणी उपसत नाही.

आता घट काढू. भार सारखा विखुरलेला असला, की तो सगळा मध्यावर, म्हणजे 8 किलोमीटरवर आहे असं धरलं तरी शेवटची घट तीच येते. 8 किलोमीटरचा रोध 7.2 ओहम. 1500 ला 7.2 ने गुणा, 11 ने भागा, आले 980 व्होल्ट. हे पातळ तारेचं खातं. त्याच अंतरात तारेची रिॲक्टन्स सुमारे 3 ओहम. 1320 ला 3 ने गुणून 11 ने भागलं, की येतात 360 व्होल्ट. हे बिनकामाच्या प्रवाहाचं खातं. दोन्ही मिळून 1340 व्होल्ट. सबस्टेशनवर 11 केव्ही असताना शेवटी उरले जेमतेम 9.66 केव्ही. नियमाप्रमाणे 9 टक्के घट चालते, म्हणजे निदान 10 केव्ही तरी असायला हवे होते.

डीपी या 11 केव्हीचे 433 व्होल्ट करते. 9.66 आले, तर ती 380 च देणार, मग ती 63 केव्हीएची असो की 100 ची. भारामुळे डीपीत थोडे जातात, पुढच्या एलटी तारेत आणखी जातात आणि मोटरीपाशी 340 उरतात. मोटरीची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते. 415 ऐवजी 340 मिळाले, की ताकद दोन तृतीयांशावर येते. पाण्याचं ओझं मात्र तेच, म्हणून मोटर जास्त अँपिअर ओढते आणि वायंडिंग भाजतं.

मग तार बदलायची, पण कुठली? तक्रार शेवटची म्हणून शेवटची तार बदला, असं कोणालाही वाटेल. पण आपण पाइपलाइन टाकताना विहिरीपाशी तीन इंची आणि पुढे चार इंची टाकतो का? सबस्टेशनपासच्या तारेतून साऱ्या फीडरचे अँपिअर जातात, शेवटच्या तारेतून फक्त शेवटच्या डीपीचे. म्हणून या फीडरवर एकूण घटीपैकी तीन चतुर्थांश घट पहिल्या 8 किलोमीटरमध्येच होते. तेवढ्या भागात वीझल काढून डॉग तार ओढली, जिचा रोध किलोमीटरला 0.28 च्या आसपास असतो, तर शेवटच्या डीपीवर 500 व्होल्ट वाढतात. हेच 8 किलोमीटर शेवटच्या टोकाला बदलले, तर जेमतेम 170. खर्च जवळजवळ तोच. मात्र डॉग जड असते. जुने पोल आणि दोन पोलांमधलं अंतर तिला झेपतं का, हे आधी तपासावं लागतं.

आता दुसरं खातं. हे तुमच्या हातात आहे. 3 एचपीच्या मोटरीला 1, 5 एचपीला 2 आणि साडेसात एचपीला 3 केव्हीएआरचा कपॅसिटर सांगितलेला असतो. तो स्टार्टरच्या पुढे, मोटरीच्या बाजूला जोडायचा, म्हणजे मोटरीबरोबर तो चालू होतो आणि तिच्याबरोबरच बंद होतो. 300 शेतकऱ्यांनी 2-2 केव्हीएआर लावले, की 600 झाले आणि शेवटी 160 व्होल्ट वाढले. शिवाय एलटी तारेतली घटही कमी होते, तो फायदा वेगळा. एवढाच कपॅसिटर 11 केव्हीच्या पोलवर, लाइनच्या दोन तृतीयांश अंतरावर बसवला, तर 11 केव्हीवर थोडं जास्त, 220 व्होल्टच्या आसपास मिळतं. पण रात्री पंप बंद असताना तो चालूच राहिला, तर व्होल्टेज उलट चढतं आणि दिवे जातात. त्याला स्वयंचलित स्विच हवा. आणि लक्षात ठेवा, कपॅसिटर कितीही लावले तरी तारेच्या खात्यातले 980 व्होल्ट त्यांनी भरून निघत नाहीत.

दोन्ही कामं केली, तर घट 1340 वरून साधारण 670 वर येते आणि शेवटी 10.3 केव्ही मिळतात. सबस्टेशनचा टॅप चढवणं हा सर्वांत स्वस्त उपाय, पण तिथे 11.5 केले, की सबस्टेशनजवळच्या डीपीवर भार कमी असताना साडेचारशे व्होल्ट निघतात. टेलच्या मोटरी वाचवायला जवळच्यांचे दिवे जाळण्यात अर्थ नाही. तारेच्या मध्यावर व्होल्टेज रेग्युलेटर बसवता येतो, पण तो व्होल्टेज चढवतो, तारेतली गळती तशीच राहते.

एक सवय मात्र सगळ्या उपायांवर पाणी फिरवते, ती ऑटो स्विचची. लाइट आली, की शेकडो मोटरी एका क्षणी सुरू होतात. सुरू होताना प्रत्येक मोटर पाच-सहा पट अँपिअर ओढते, व्होल्टेज कोसळतं आणि कुठलीच मोटर धड वेग घेत नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी दोन-दोन मिनिटांच्या अंतराने मोटर चालू केली, तर यातलं बरंचसं टळतं.

शेवटी, अर्ज करण्याआधी एवढं करा. पंप जोरात चालू असताना वायरमनकडून डीपीच्या तोंडाशी तिन्ही फेजांचं व्होल्टेज मोजून घ्या, आणि त्याच वेळी मोटरीपाशीही. डीपीशी ठीक आणि मोटरीशी कमी, तर दोष एलटी तारेत. डीपीशी एकच फेज कमी, तर एखादा जंपर किंवा सांधा सैल आहे. अंधारात तो कधीकधी लालसर दिसतोही. त्याला हात न लावता कळवा. पण डीपीशीच तिन्ही फेज सारखे कमी असतील, तर दोष बहुधा फीडरचा. मग अर्जात मोठी डीपी मागू नका. ते तीन आकडे आणि वेळ लिहा, आणि सबस्टेशनपासची तार जाड करून मागा.