एका शब्दाचे उत्तर



माझे वडील तहसील कचेरीत कारकून होते. त्यांच्या टिपणीची शेवटची ओळ ठरलेली असायची, ‘मान्यतेस्तव सादर’. वर दोन पाने मजकूर असे, मागचे संदर्भ, कोणाचा अर्ज कधी आला, कोणता नियम लागू होतो. आणि मागणी अगदी तळाशी. साहेब फाइल समोर घेऊन बसत, पाने उलटत, तळाशी येत आणि सही करत. मीही नोकरीत लागल्यावर याच वळणाने लिहीत राहिलो. फरक एवढाच की माझे साहेब फाइल घेऊन बसत नव्हते. ते विमानतळावर रांगेत उभे राहून, हातातल्या मोबाइलवर माझी ई-मेल बघत होते.

हा फरक मला मार्च २०२४ मध्ये नीट कळला, आणि तो कळायला आमच्या कारखान्याला एक लाख वीस हजार रुपये पडले.

आम्ही चाकणला गिअरचे शाफ्ट बनवतो आणि जर्मनीतल्या एका कारखान्याला पाठवतो. निर्यातीची जबाबदारी माझ्याकडे. त्या वेळी उष्णता प्रक्रियेची भट्टी बिघडली आणि सहा टनांची एक खेप बारा दिवस मागे पडली. एरवी जहाजाने माल पाठवून आम्ही कसेबसे सावरलो असतो. पण २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि बहुतेक मोठ्या कंपन्यांची जहाजे सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. आमच्या मालाला न्हावाशेवाहून हॅम्बुर्गला पोहोचायला चाळीस दिवस लागणार होते. ग्राहकाकडचा साठा संपणार होता २२ मार्चला. तेव्हा एकच मार्ग उरला. अर्धा माल, म्हणजे तीन टन, विमानाने धाडायचा आणि उरलेला जहाजाने. एवढ्या खर्चाला मान्यता देणे माझ्या अधिकारात नव्हते. ते संचालकांनीच ठरवायचे होते.

सोमवारी, ४ मार्चला सकाळी मी त्यांना ई-मेल लिहिली. विषयाच्या ओळीत लिहिले, ‘जर्मनीची खेप – सद्यःस्थिती’. मग भट्टी कधी बिघडली, दुरुस्तीला कोण आले, जहाजांचे वेळापत्रक कसे बदलले, हे सगळे क्रमाने मांडले. तीन तक्ते जोडले. सहाव्या परिच्छेदात विमानाचा पर्याय आला. आणि शेवटी, ‘तरी याबाबत योग्य ते मार्गदर्शन व्हावे.’ मालवाहतूक एजंटाने किलोला तीनशे रुपये दर दिला होता आणि तो त्या दिवशी दुपारी एकपर्यंतच धरून ठेवणार होता. तेही मी लिहिले होते, पण पाचव्या परिच्छेदात.

उत्तर आले मंगळवारी सकाळी. ‘नोंद घेतली. वित्त विभागाशी बोलून योग्य ते करावे.’

आता हा होकार की नकार? मी तो मजकूर चार वेळा वाचला. पैसे खर्च करा असे त्यात म्हटलेले नव्हते, करू नका असेही नव्हते. पहिल्यांदा मला साहेबांचा राग आला. मग मी माझीच ई-मेल मोबाइलवर उघडून पाहिली. यादीत विषयाचे पहिले चारपाच शब्द दिसत होते आणि खाली मजकुराची एक ओळ, ‘आपणास कळविण्यात येते की गेल्या महिन्यात…’. यावरून कोणालाही वाटेल की ही माहितीची ई-मेल आहे, सवडीने वाचू. मी प्रश्न विचारलाच नव्हता. मार्गदर्शन मागितले होते, आणि मला मार्गदर्शनच मिळाले होते.

एव्हाना एजंटाचा दर तीनशे चाळीस झाला होता. तीन हजार किलोला चाळीस रुपये जास्त, म्हणजे तेच एक लाख वीस हजार. नवा दर दुपारी चारपर्यंत होता. मी वित्तप्रमुखांच्या खोलीत जाऊन बसलो आणि नवी ई-मेल लिहिली. आमचा पत्रव्यवहार इंग्रजीत चालतो, तिचा मराठी मजकूर असा:

विषय: निर्णय हवा, आज ४ पर्यंत – जर्मनीचा ३ टन माल विमानाने, १०.५ लाख

साहेब, जर्मनीच्या खेपेपैकी ३ टन माल विमानाने पाठवण्यास आणि त्यासाठी १०.५ लाख रुपयांपर्यंत खर्च करण्यास आपली मान्यता हवी आहे. ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच कळवावे.

होय असल्यास: माल १२ मार्चपर्यंत पोहोचेल व २६ एप्रिलपर्यंत पुरेल. बाकी ३ टन जहाजाने जाईल.

नाही असल्यास: सर्व माल जहाजाने जाऊन १८ एप्रिलच्या सुमारास पोहोचेल. ग्राहकाचा साठा २२ मार्चला संपतो. त्यांची लाइन थांबल्यास करारानुसार दंड दिवसाला ३ लाख.

माझी शिफारस: होय. वित्तप्रमुखांनी आकडे तपासले आहेत, त्यांची संमती आहे.

४ पर्यंत उत्तर न आल्यास मी काहीही बुक करणार नाही. ३.३० ला फोन करीन. तपशील सहीखाली आहे, निर्णयासाठी तो वाचण्याची गरज नाही.

ही ई-मेल साडेअकराला गेली. अकरा मिनिटांत उत्तर आले, ‘होय’.

यातले काही शब्द मुद्दाम घातलेले आहेत, ते का, हे सांगतो.

पहिली गोष्ट, ‘होय’ या एका शब्दाचा हुकूम पुरा झाला पाहिजे. माझ्या मागणीच्या वाक्यात काय, किती आणि कितीपर्यंत हे तिन्ही होते. त्या दिवशीच्या दराने खर्च १०.२ लाख होत होता. मी साडेदहापर्यंत मागितले. एजंटाने पाचदहा हजारांची भर घातली असती तर पुन्हा दार ठोठवावे लागू नये म्हणून. पण ती मर्यादा खर्चाच्या जवळच ठेवली. पंधरा लाख मागितले असते तर साहेबांनी ‘एवढे कशाला?’ असे विचारले असते, आणि पुन्हा प्रश्नोत्तरे सुरू झाली असती. तसेच एका ई-मेलमध्ये एकच प्रश्न. मला त्याच वेळी भट्टीच्या सुट्या भागांचीही मंजुरी हवी होती. दोन मागण्या एकत्र केल्या की ‘होय’ नेमके कशाला, हे कळत नाही. ती मी दुसऱ्या दिवशी वेगळी पाठवली.

दुसरी गोष्ट, नकाराची बाजू खरी लिहावी. माझ्या पहिल्या कच्च्या मसुद्यात ‘नाही म्हटल्यास पन्नास लाखांचे नुकसान’ असे होते. वित्तप्रमुखांनी विचारले, ‘लाइन रोज थांबेलच, याच्यावर सही करशील? त्यांनी दुसरीकडून थोडा माल घेतला तर?’ मला सही करता आली नसती. म्हणून करारात लिहिलेला दिवसाचा दर तेवढा ठेवला. थोडक्यात लिहिलेल्या ई-मेलवर साहेब पडताळणी न करता विश्वास टाकतात. एकदा आकडा फुगवलेला सापडला की पुढच्या प्रत्येक ई-मेलचे तक्ते ते मागवून घेणार. मग थोडक्यात लिहिण्याचा उपयोगच राहत नाही.

वित्तप्रमुखांचे नाव मजकुरात का घातले, तेही याच ओघात येते. पैशाचा प्रश्न आला की वरिष्ठांच्या मनात पहिली शंका असते, ‘वित्तवाल्यांना विचारले का?’ तिचे उत्तर आधीच मिळवून एका ओळीत द्यावे. संमती नसेल तर तसे लिहावे, कोणत्या मुद्द्यावर मतभेद आहे तेही लिहावे. मात्र दहा जणांना प्रत पाठवून संमतीचा देखावा करू नये. मी ई-मेल साहेबांच्या नावे पाठवली आणि प्रत फक्त वित्तप्रमुखांना दिली.

तिसरी गोष्ट मौनाची. काही जण लिहितात, ‘चारपर्यंत उत्तर आले नाही तर संमती समजून पुढे जाईन.’ खर्च माझ्या अधिकारातला असेल तर हे चालेल. पण अधिकार नसताना दुसऱ्याच्या मौनातून पैसे काढणे धोक्याचे आहे. त्यांनी ई-मेल पाहिलीच नसेल तर? म्हणून उत्तर न आल्यास काय होईल ते स्पष्ट लिहावे, खर्चाच्या बाबतीत ते ‘काही करणार नाही’ असेच असावे, आणि मुदतीआधी फोन करावा. मुदतही खरी हवी. चार वाजताची मुदत एजंटाची होती, माझ्या घाईची नव्हती.

राहिला तपशील. तो टाकून द्यायचा नाही, फक्त त्याची जागा बदलायची. ९ ऑगस्ट १९४० रोजी, ऐन युद्धात, चर्चिल यांनी आपल्या खात्यांना एक पानाचे टिपण पाठवून अहवाल आखूड करायला सांगितले होते. मुख्य मुद्दे छोट्या परिच्छेदांत द्या, गुंतागुंतीचे विश्लेषण आणि आकडेवारी परिशिष्टात घाला, अशी त्यांची सूचना होती. मी माझे तक्ते जोडपत्रात न ठेवता सहीखाली मजकुरातच घातले, कारण मोबाइलवर जोडपत्र उघडायचा कंटाळा सगळ्यांनाच असतो. ज्याला शंका असेल तो खाली उतरेल.

पाठवण्याआधी मी आता एक चाचणी घेतो. शेजारच्या सहकाऱ्याच्या हातात मोबाइल देतो, वीस सेकंदांनी परत घेतो आणि विचारतो, ‘तू होय म्हणालास तर मी काय करीन?’ त्याने ‘तीन टन विमानाने, साडेदहा लाखांपर्यंत’ असे सांगितले तर ई-मेल जाते. तो ‘म्हणजे माल उशिरा आहे ना?’ असे म्हणाला तर ती पुन्हा लिहायची.

प्रत्येक बाब अशी विचारता येत नाही, हेही सांगायला हवे. नवी भट्टी घ्यावी की काम बाहेर द्यावे, हे ठरवताना तीनचार वाटा असतात, त्यांचे आकडे अजून हलते असतात. तिथे होय-नाहीचा प्रश्न टाकणे म्हणजे साहेबांना कोंडीत पकडणे. तिथे बैठक मागावी. बैठकीची वेळ द्याल का, हा मात्र होय-नाहीचा प्रश्न होऊ शकतो.

होकार आला तेव्हा मी लगेच एक ओळ परत पाठवली, ‘आभार. ३ टन, १०.५ लाखांच्या आत, आज बुक करतो.’ पुढे कोणी विचारले तर मान्यता कशाला होती, हे त्याच पानावर सापडावे म्हणून.

चार महिन्यांनी मी तशीच एक ई-मेल पाठवली, दुसऱ्या ग्राहकाचा माल विमानाने पाठवण्यासाठी. दोन मिनिटांत उत्तर आले, ‘नाही’. वाईट वाटले, पण मी लगेच त्या ग्राहकाला फोन केला, उशिराची खरी तारीख सांगितली आणि त्याने त्याचे वेळापत्रक बदलून घेतले. वेळेवर आलेल्या नकारामुळे निदान हा फोन तरी वेळेवर करता आला.

वडिलांची ती ओळ मी अजून वापरतो. फक्त ती तळाची उचलून वर आणली आहे.