हरकत कोणाची?



सहावीत नागरिकशास्त्राच्या तासाला आपण वर्गात ग्रामसभा भरवली होती, ती तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. सरपंच टोपी घालून सरांच्या खुर्चीत, ग्रामसेवक वही घेऊन शेजारी आणि बाकीचे आपण गावकरी. सरांनी प्रत्येकाला एकेक चिठ्ठी दिली होती. माझ्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘तुम्ही खालच्या वस्तीत राहता. पाणी एक किलोमीटरवरून डोक्यावर आणता.’ पैसे एकाच कामापुरते होते : देवळापुढचा रस्ता किंवा खालच्या वस्तीला हातपंप.

रस्त्याचा ठराव आला, सूचक मिळाला, अनुमोदक मिळाला. सरपंचांनी विचारलं, “हरकत कोणाची?” मी चिठ्ठीची घडी घालत बसले. मग सरांनी ग्रामसेवकाला इतिवृत्त वाचायला लावलं. शेवटी होतं, ‘ठराव सर्वानुमते मंजूर.’ सरांनी मला उभं करून माझी चिठ्ठी मोठ्याने वाचायला सांगितली आणि एवढंच म्हणाले, “वहीत तुझंही मत रस्त्यालाच पडलंय.”

गेल्या वर्षी भाचीच्या शाळेत सहावीच्या वर्गावर हाच पाठ घ्यायची संधी मिळाली. अशा पाठाचं बहुतेक वेळा नाटक होतं. संवाद पाठ केलेले असतात, शेवट आधीच ठरलेला असतो. म्हणून मी संवाद दिलेच नाहीत, फक्त नियम दिले. चिठ्ठ्या उचलायला लावल्या, म्हणजे कोणाच्याही वाट्याला मुद्दाम स्वतःच्या घरची परिस्थिती येणार नाही. सात दिवस आधी फळ्यावर नोटीस लावली, विषय आपलेच दोन. आणि सभा ठेवली मधल्या सुट्टीत. यायचं की खेळायला जायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

ग्रामसभेची गणपूर्ती आपल्याकडे एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली कमी असेल ती संख्या. म्हणजे 1200 मतदारांच्या गावातही शंभर जण पुरतात. वर्गात मुलं 40, त्यामुळे सहा जण हवे होते. आले पाच. सभा तहकूब झाली.

दुसऱ्या दिवशी मुलांना वाटलं, आजही सहा जण लागतील. पण तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. नऊ जण आले होते. त्यांतल्या पाच जणांकडे वरच्या आळीच्या चिठ्ठ्या होत्या. रस्ता मंजूर झाला, पाच विरुद्ध चार. तासाला इतिवृत्त वाचलं तेव्हा वर्गात गोंधळ उडाला. “नऊ जणांनी आमच्या सगळ्यांचं कसं काय ठरवलं?” मी नोटिशीकडे बोट दाखवलं. ती अजून फळ्यावरच होती.

पुढच्या आठवड्यात तीच सभा पुन्हा घेतली, एक बदल करून. महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आता कायद्यात आहे. आपल्या त्या सभेत असं काही नव्हतं. ज्यांच्या चिठ्ठीवर बाईचं पात्र होतं, त्यांना दहा मिनिटं वेगळं बसवलं. त्यांत मुलगेही होते. ते सगळे लिहिलेला ठराव घेऊनच बाहेर आले. सभेत बोलायला उठलेल्या मुलाचा आवाज कापत होता, पण हातात कागद होता आणि मागे अकरा जणी होत्या. एकटीने उठणं आणि ठराव घेऊन उठणं, यांतला फरक मला त्या दिवशी डोळ्यांनी दिसला.

या वेळी 36 जण हजर होते. तरीही रस्ताच जिंकला, 19 विरुद्ध 17. पण वहीत ‘सर्वानुमते’ लिहिता आलं नाही. सतरा जणांची हरकत कारणासकट नोंदवावी लागली. पुढच्या सभेत हातपंपाचा विषय काढायचा, तर ही नोंद दाखवता येते.

या खेळाची मर्यादाही मुलांना सांगितली. वर्गात हात वर केला तर कोणाची मजुरी जात नाही. गावात जाऊ शकते. तिथे गप्प बसलेल्या प्रत्येकीला चिठ्ठीची घडी घालणारी मुलगी समजू नये.

सॉफ्टवेअरच्या नोकरीत माझ्या रोज मीटिंगा असतात. शेवटी कोणीतरी विचारतं, “कोणाला काही अडचण?” आणि सगळे गप्प असतात. अशा वेळी मी आधी मिनिट्स कोण लिहितंय ते बघते आणि मग बोलते. सर, तुम्ही आज समोर बसला आहात म्हणून सांगते. त्या दिवशीची माझी हरकत तेवढी आता नोंदवून घ्या.