इंग्रजी यादीतील तूर

आपली तूरडाळ दिल्लीच्या दुकानात ‘अरहर’ होते, चेन्नईत ‘तुवरम् परुप्पु’ आणि हैदराबादेत ‘कंदिपप्पु’. मुलुख सोडून राहिलेला मराठी माणूस अशा वेळी इंग्रजीचा आश्रय घेतो. कोश उघडून वाणसामानाची यादी इंग्रजीत उतरवली की काम झाले, असे त्याला वाटते. परंतु धान्यांच्या बाबतीत इंग्रजीही एक नाही. निदान दोन आहेत : एक हिंदुस्थानात घडलेली आणि दुसरी परदेशांतल्या दुकानांतली.

हिंदुस्थानी इंग्रजीचा सारा डोलारा ‘ग्रॅम’ या एका शब्दावर उभा आहे. हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला. मूळ अर्थ नुसता ‘दाणा’. येथे तो आधी हरभऱ्याला चिकटला आणि मग इतर कडधान्यांना रंगाची विशेषणे लावून वाटण्यात आला. हरभरा ‘बेंगॉल ग्रॅम’, तूर ‘रेड ग्रॅम’, मूग ‘ग्रीन ग्रॅम’, उडीद ‘ब्लॅक ग्रॅम’ आणि कुळीथ ‘हॉर्स ग्रॅम’. शेतकी खात्याच्या कागदांत ही नावे चालतात. लंडनच्या दुकानदाराला मात्र ‘ग्रॅम’ म्हटले की वजन आठवते. बेसनाला तेवढे तेथेही ‘ग्रॅम फ्लोअर’ म्हणतात.

शिवाय हे रंग सालीचे आहेत, डाळीचे नव्हेत. ‘रेड ग्रॅम’ची डाळ पिवळी निघते आणि ‘ब्लॅक ग्रॅम’ची पांढरी. तांबडी डाळ शोधीत गेलेल्या गृहस्थाच्या हाती ‘रेड लेंटिल’ पडते, आणि ती असते मसूर. ‘लेंटिल’ हा शब्द काही लोक कोणत्याही डाळीला सर्रास लावतात. काटेकोर अर्थाने तो मसुरीचाच आहे.

आता आपण एक लहानशी यादी भाषांतरित करून पाहू : तूरडाळ, मूगडाळ आणि बाजरी.

तुरीचे परदेशात चालणारे नाव ‘पिजन पी’. पण एवढेच लिहिले तर अख्खी तूर मिळेल, किंवा वेस्ट इंडीजकडील लोक भातात घालतात ते हिरवे दाणे डबाबंद मिळतील. त्यांचे वरण होणार नाही. म्हणून ‘स्प्लिट’, म्हणजे दोन फाकी केलेली, आणि ‘स्किन्ड’, म्हणजे साल काढलेली, असे लिहावयास हवे. येथेही एक फसगत संभवते. ‘यलो स्प्लिट पी’ नावाची पिवळी डाळ जवळच मांडलेली असते. ती वाटाण्याची डाळ. तिची फाक मोठी आणि अर्धगोलासारखी फुगीर असते, तर तुरीची फाक लहान व चपटी. वाटाण्याची डाळ शिजते, परंतु वरणाला तुरीचा स्वाद येत नाही. भाषांतर आपल्या हातावर तुरी देऊन निसटले, हे पहिल्या घासालाच कळते.

मुगाला ‘मुंग बीन’ म्हणावे. येथे एखादा अभ्यासू गृहस्थ शास्त्रीय नावाचा आधार घेईल, तर तोच फसण्याचा संभव अधिक. ‘विग्ना मुंगो’ हे नाव मुगाचे वाटते. प्रत्यक्षात ते उडदाचे आहे. लिनीअस या शास्त्रज्ञाने 1767 साली उडदाला ‘मुंगो’ हे नाव दिले, आणि तेव्हापासून ते तसेच चालत आले. मुगाचे शास्त्रीय नाव ‘विग्ना रेडिएटा’. घरात आजारी माणूस असेल तर ही गोष्ट केवळ विनोदाची राहत नाही. ज्याला पचायला हलके म्हणून मुगाचे कढण द्यावयाचे, त्याच्या वाटीत जड उडीद जावयाचा.

बाजरीचे भाषांतर पुष्कळजण ‘मिलेट’ असे करतात. पण ‘मिलेट’ ही एक जात नव्हे. तो बारीक दाण्याच्या अनेक भरड धान्यांचा समुदाय आहे. परदेशी दुकानात नुसत्या ‘मिलेट’च्या पिशवीत बहुधा फिकट पिवळे, गोल, गुळगुळीत दाणे असतात. ती बाजरी नव्हे. बाजरीचा दाणा करड्या छटेचा आणि एका टोकाला निमुळता. तिचे नाव ‘पर्ल मिलेट’, नाचणीचे ‘फिंगर मिलेट’, आणि ज्वारीला ‘सॉर्गम’ हे स्वतंत्र नाव आहे.

तेव्हा यादीत प्रत्येक जिन्नसापुढे तीन गोष्टी असाव्यात : इंग्रजी नाव, धान्य अख्खे की फाकी केलेले, आणि साल आहे की नाही. त्यांच्याही आधी आपले मूळ नाव रोमन अक्षरांत लिहावे. परदेशांतल्या आपल्या लोकांच्या दुकानांत पिशव्यांवर आज ‘तूर’, ‘मूंग’, ‘उडद’, ‘बाजरा’ हीच नावे छापलेली असतात. तेथे ‘पिजन पी’ शोधणाऱ्याला वेळ लागतो. ‘तूर’ म्हणणाऱ्याला लागत नाही.