पडणे आणि हसणे : अकर्मक क्रियापदांची दोन घराणी



शाळेत आपण सर्वांनी क्रियापदांची एक वाटणी पाठ केली आहे. ज्याला कर्म लागते ते सकर्मक, ज्याला लागत नाही ते अकर्मक. ‘त्याने आंबा खाल्ला’ सकर्मक. ‘झाड पडले’, ‘मुलगी हसली’, ‘पाहुणे आले’, ‘घोडा धावला’ ही सगळी अकर्मक. परीक्षेपुरते एवढे पुरते. पण पडणे आणि हसणे ही क्रियापदे एका पंगतीत बसवली तरी एका घराण्यातली नाहीत, आणि हे ओळखायला व्याकरणाचे पुस्तक लागत नाही. आपल्या घरातली रोजची वाक्ये पुरतात. आज मी त्या वाक्यांबद्दलच बोलणार आहे.

एक साधे वाक्य घेऊ. ‘त्याने फांदी मोडली.’ यातला ‘त्याने’ काढून टाका. ‘फांदी मोडली’ उरते. हेही पुरे वाक्य आहे. वाऱ्याने मोडली असेल, आपल्याच भाराने मोडली असेल. दोन्ही वाक्यांत फांदीचे जे व्हायचे ते सारखेच झाले आहे, आणि क्रियापदही दोन्हीकडे फांदीकडे बघूनच ‘मोडली’ झाले आहे. पहिल्या वाक्यात फांदी कर्म होती. दुसऱ्यात तिला आपण कर्ता म्हणतो. पण तिने केले काय? काहीच नाही. कर्त्याची जागा रिकामी झाली म्हणून कर्मच तिथे सरकून बसले. कप फोडला, कप फुटला. दोरी तोडली, दोरी तुटली. झाड पाडले, झाड पडले. इथे क्रियापदाचा स्वर बदलतो, कधी त्याबरोबर व्यंजनही, एवढेच.

आता हाच खेळ ‘हसणे’वर करून पाहा. ‘त्याने मुलीला हसवले.’ यातून ‘त्याने’ काढला तर ‘मुलगी हसली’ उरते खरे, पण हसण्याचे काम पहिल्या वाक्यातही मुलीनेच केले होते. त्याने फक्त निमित्त पुरवले. तिथे करणारे दोघे आहेत. झाड पाडण्यात करणारा एकच. म्हणून पडणे-पाडणे, मरणे-मारणे, जळणे-जाळणे, सुटणे-सोडणे अशा स्वर बदलणाऱ्या जोड्या बहुतेक पडण्याच्या घराण्यात सापडतात. हसणे, रडणे, नाचणे यांना मात्र ‘-व-’ जोडावा लागतो: हसवणे, रडवणे, नाचवणे. उलट दिशेने हा नियम लावू नये. बुडणे-बुडवणे, वाळणे-वाळवणे यांनाही ‘-व-’ लागतो, पण ती पडण्याचीच भावंडे आहेत. आणि ‘चरणे-चारणे’ हा पहिल्या नियमाला अपवाद आहे. गुरे आपल्या तोंडाने चरतात.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. भात शिजतो, लाकूड फुटते, अशा ठिकाणी कर्ता कर्मासारखा वागतो, याची दखल पाणिनीने अष्टाध्यायीत घेतली आहे. आधुनिक भाषाशास्त्रात १९७८ साली डेव्हिड पर्लमटर या अमेरिकन अभ्यासकाने हाच भेद अनेक भाषांना लागू करून मांडला. पडणे-गटाला तिकडे ‘अनअ‍ॅक्युझेटिव्ह’ म्हणतात: आत कर्म आहे, पण कर्माला मिळणारी द्वितीया त्याला मिळत नाही. हसणे-गटाला ‘अनअर्गेटिव्ह’ म्हणतात. ही नावे तोंडात बसत नाहीत, म्हणून मी आज ‘पडणे-गट’ आणि ‘हसणे-गट’ असेच म्हणेन.

पर्लमटरने पुरावा दिला तो डच भाषेतला. डचमध्ये ‘इथे खूप नाचले जाते’ असे कर्त्याशिवायचे वाक्य होते, पण पडण्याचे तसे वाक्य होत नाही. आपले काय? ‘सभेत खूप हसले गेले’ हे वाक्य थोडे औपचारिक आहे, तरी चालते. ‘माझ्याकडून जरा जास्तच बोललं गेलं’, ‘तिच्याकडून एकदम रडलं गेलं’ ही तर घरातली वाक्ये. आता ‘माझ्याकडून जिन्यात पडलं गेलं’ म्हणून पाहा. घरातले लोक वळून बघतील. हसण्यात करणारा असतो, त्याला ‘-कडून’ लावून बाजूला करता येते. पडण्यात बाजूला करायला करणारा मुळातच नसतो. ‘आलं गेलं’ तर आपल्याकडे वेगळ्याच कामाला लागले आहे. आल्यागेल्याचे चहापाणी बघणे एवढाच त्याचा अर्थ उरला.

याच्या अगदी उलट परीक्षा ‘हातून’ या शब्दाची आहे, आणि मला ती सर्वांत आवडते. ‘माझ्या हातून कप फुटला.’ ‘तिच्या हातून दूध सांडलं.’ ‘सुनेच्या हातून भाजी करपली.’ फोडणारी मीच, पण फोडायचा हेतू नव्हता, हे आपण क्रियापद बदलून सांगतो. ‘मी कप फोडला’ म्हटले तर सगळा दोष पदरात येतो; ‘माझ्या हातून फुटला’ म्हटले की दोष उरतो, हेतू जातो. हे फक्त पडणे-गटातच शक्य आहे, कारण त्या क्रियापदाची कर्त्याची खुर्ची रिकामी असते. अनवधानाने करणाऱ्याला ‘हातून’ म्हणून तिथे बाजूला टेकता येते. ‘माझ्या हातून मुलगी हसली’ असे कोणी म्हणत नाही. हसण्याची खुर्ची मुलीने अडवलेली आहे. तिथे ‘माझ्या बोलण्याने हसली’ म्हणावे लागते. कोर्टकचेरीत जबाब लिहिणाऱ्याने ‘हातून पडला’ याचे ‘पाडला’ केले, तर वाक्याचे व्याकरण तेवढे बदलत नाही, माणसाचा गुन्हा बदलतो.

मग कोणी म्हणेल, हा नुसता इच्छेचा प्रश्न आहे: मनाने केले की हसणे-गट, आपोआप झाले की पडणे-गट. तसे नाही. शिंकणे, खोकणे, दचकणे ही मनाने होत नाहीत, तरी ‘माझ्याकडून मोठ्यानं शिंकलं गेलं’ चालते. उलट पाहुणा स्वतःच्या इच्छेने येतो, तरी ‘येणे’ पुष्कळ बाबतीत पडण्यासारखे वागते. आणि ‘पडणे’सुद्धा आपण मनाने करतो: ‘मी जरा पडतो’ म्हणजे आडवा होतो. येण्याला आणि पडण्याला जोडणारी गोष्ट शेवट ही आहे. निपाणीची एसटी आली, म्हणजे ती आता स्टँडवर उभी आहे. तंबाखूचा दर पडला, म्हणजे तो आता खाली आहे. क्रिया संपली आणि ज्याच्यावर घडली त्याची स्थिती बदलून राहिली. मुलगी हसली, पण हसून झाल्यावर ती होती तशीच आहे.

ही उरलेली स्थिती पकडणारे साधन मराठीत आहे ते ‘-लेला’. ‘पडलेले झाड’, ‘आलेला पाहुणा’, ‘विझलेली विडी’, ‘भिजलेली पाने’ ही सहज होतात. ‘हसलेली मुलगी’, ‘धावलेला घोडा’ कानाला अडखळतात. सकर्मकात बघितले तर कारण कळते. ‘फोडलेला’ हे विशेषण कपाला लागते, फोडणाऱ्याला नाही. ‘-लेला’ कर्माला शोधत जातो, आणि पडणाऱ्या झाडात त्याला ते सापडते. मात्र ही परीक्षा ‘हातून’इतकी कडक नाही. ‘शिकलेली मुलगी’, ‘जेवलेला माणूस’, ‘जग पाहिलेला म्हातारा’ असे आपण म्हणतोच, आणि ही तिन्ही करणारीच माणसे आहेत. पण शिकण्याचा, जेवण्याचा, जग पाहण्याचा ठसा त्यांच्यावर उरला आहे. ठसा उरला की ‘-लेला’ खपतो.

‘पळणे’ या क्रियापदात तर दोन्ही घराणी एकत्र नांदतात. ‘पळालेला कैदी’ सहज होतो, कारण तो आता तुरुंगात नाही. ‘पळालेला खेळाडू’ म्हटले की तो मैदान सोडून पसार झाला असेच ऐकू येते; शर्यतीत पळला हा अर्थ निघत नाही. इटालियनमध्ये हेच सहायक क्रियापदातून दिसते. धावण्याला तिथे ‘असणे जवळ’ या अर्थाचे क्रियापद लागते, पण ‘धावत घरी गेला’ म्हटले की ‘होणे’ या अर्थाचे, जे येणे-पडण्याला लागते. मराठी त्या जागी ‘येणे’ मदतीला घेते. ‘धावलेला मुलगा’ अडतो, ‘धावत आलेला मुलगा’ अडत नाही. धावण्याला ‘येणे’ने शेवट दिला.

आता आपल्या भागाकडे येतो. एखाद्या मुलाने वहीत लिहिले, ‘काल हसलेली मुलगी आज रडत होती.’ मास्तरांनी ते खोडावे का? कन्नडमध्ये ‘निन्ने नक्क हुडुगी’ अगदी निर्दोष आहे. ‘बिद्द मर’ म्हणजे पडलेले झाड जसे होते तसेच ‘नक्क हुडुगी’ होते. कन्नडचे हे रूप कर्ता, कर्म काहीच विचारत नाही. कप फोडणाऱ्या मुलालाही ते लागते, फुटलेल्या कपालाही. म्हणून ज्या मुलाच्या कानात दोन्ही भाषा आहेत त्याला ‘हसलेली मुलगी’ खटकणार नाही, असे मानायला जागा आहे. सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्यांची वाक्ये शब्दाला शब्द लावून उलटवता येतात इतकी जवळ आली आहेत, हे गम्पर्झ आणि विल्सन यांनी १९७१ साली दाखवून दिले होते. आपले बेळगाव-निपाणी त्याच पट्ट्यातले.

माझे मत असे की ते वाक्य खोडू नये. पुण्यातला माणूसही ‘काल स्टेजवर नाचलेली मुलगी’ म्हणतो. ‘काल’, ‘स्टेजवर’ हे शब्द आले की ‘-लेला’ स्थिती सांगणे सोडून घटना सांगू लागतो, आणि मग हसणे-गटालाही जागा मिळते. खोडायचे असेल तर मागेपुढे काहीही नसलेले नुसते ‘हसलेली मुलगी’ खोडावे, तेही ‘कन्नड आले’ असा शेरा न मारता. त्याऐवजी त्या मुलाला ‘माझ्या हातून’ने सुरू होणारी चार वाक्ये करायला सांगावीत. तो कप फोडील, दूध सांडील, पाटी पाडील. मुलगी हसवणार नाही. मूळ मराठी भेद त्याच्याकडे शाबूत आहे की नाही, याचा पत्ता तिथे लागतो. आणि कन्नडचे म्हणाल, तर ‘कोंबे मुरियितु’ म्हणजे फांदी मोडली, ‘अवनु कोंबे मुरिद’ म्हणजे त्याने फांदी मोडली. ‘मुरि’ आणि ‘मोडणे’, दोन्हींना फांदी कर्म म्हणूनही चालते आणि कर्ता म्हणूनही.